‘कधीच नाही’ची रास: अश्लील मजकूर पाहण्याविषयीच्या प्रश्नाला खरी उत्तरे का मिळत नाहीत, आणि तो प्रश्न कसा दुरुस्त करावा

तरुणांच्या मोबाइल-वापरावर सर्वेक्षण करणाऱ्यांना, विशेषतः समाजकार्य, मानसशास्त्र किंवा जनसंवाद या विषयांत प्रबंध लिहिणाऱ्यांना, एक अडचण हमखास येते. अठरा ते चोवीस वयोगटातल्या मुलामुलींकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि रील किती वेळ पाहता, रात्री किती वाजता झोपता, गेम खेळता का, या प्रश्नांना सर्व तऱ्हेची उत्तरे येतात. पॉर्न पाहण्याविषयीच्या प्रश्नापाशी मात्र जवळजवळ प्रत्येकाने ‘नाही’ किंवा ‘कधीच नाही’ यावर खूण केलेली असते. त्याच प्रश्नावलीत ‘तुमच्या ओळखीतील तुमच्या वयाचे किती जण असे व्हिडिओ पाहत असावेत?’ असा प्रश्न असेल, तर तिथे ‘बहुतेक जण’ हे उत्तर येते. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असणे अवघड आहे. (मित्रांविषयीचा अंदाज हे मोजमाप नव्हे, तो फुगलेलाही असू शकतो. पण दोन उत्तरांमध्ये एवढी दरी दिसली, तर प्रश्नात काहीतरी बिघडले आहे हे ओळखायला तो पुरेसा ठरतो.)

अशा वेळी ‘लोक खोटे बोलतात’ असे म्हणून प्रबंधात ‘सोशल डिझायरेबिलिटी बायस’ या नावाने मर्यादा नोंदवली जाते आणि विषय तिथेच सोडला जातो. ही घाई मला चुकीची वाटते. चारचौघांत शोभेल असे उत्तर देण्याचा कल माणसांत असतो, हे खरेच आहे. डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी तो मोजण्यासाठी ३३ विधानांची चाचणी १९६० सालीच तयार केली. पण ‘नाही’च्या राशीत तीन वेगवेगळी कारणे मिसळलेली असतात. उत्तर देणाऱ्याला प्रश्नाचा आपण धरलेला अर्थ लागलेलाच नसतो, किंवा अर्थ लागला तरी नेमके आठवत नसते, किंवा दोन्ही जमूनही सांगायचे नसते. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या कारणावर तिसऱ्याचे औषध दिले, म्हणजे न कळलेल्या प्रश्नासाठी गुप्ततेची भारी यंत्रणा उभारली, तर आकडा जागचा हलत नाही.

म्हणून सुरुवात प्रश्नापासूनच करावी. अनेक प्रश्नावल्यांत थोड्याफार फरकाने आढळणारा प्रश्न असा असतो:

> आपण कधी अश्लील व्हिडिओ अथवा साहित्य पाहता, वाचता किंवा इतरांना पाठवता का? (होय / नाही)

हा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. ‘अश्लील’ हा शब्द वर्णनाबरोबर निकालही देतो. ‘होय’ म्हणणारा मनुष्य आपली सवय सांगण्याआधी आपण वाईट वागतो हे कबूल करतो. शिवाय हा शब्द कोणी कुठवर ताणायचा याला धरबंध नाही. वेब सिरीजमधील शय्यादृश्य, लावणीचा एखादा व्हिडिओ, अंतर्वस्त्रांची जाहिरात, हे सारे कोणाच्या तरी लेखी अश्लील असते; उलट जो खरोखर पॉर्न पाहतो त्याला ते अश्लील वाटतच नसेल, तर तो निर्धास्तपणे आणि प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्यानंतर ‘कधी पाहता का’ या रचनेत काळाचा पत्ता नाही. आयुष्यात एकदा पाहिले असेल तर होय म्हणायचे, की नेहमी पाहत असेल तरच? दोन वर्षांपूर्वी चार वेळा पाहिलेल्या मुलाला इथे ‘नाही’ हे उत्तर सोयीचेही वाटते आणि भाषेच्या दृष्टीने चुकीचेही ठरत नाही.

त्याहून मोठा घोळ पाहणे, वाचणे आणि पाठवणे एकाच प्रश्नात बांधल्याने होतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ नुसार लैंगिक कृत्ये उघडपणे दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसारित करणे हा गुन्हा आहे. प्रौढ व्यक्तीने प्रौढांविषयीचे चित्रण खासगीत पाहण्याची गोष्ट निराळी. ‘पाठवता का’ हा शब्द शेपटाला जोडला की सवयीविषयीचा प्रश्न गुन्ह्याच्या कबुलीजबाबाचा होतो, आणि फक्त पाहणारा मनुष्यही सावध होऊन ‘नाही’वर खूण करतो. पाठवण्याविषयी खरोखर जाणून घ्यायचे नसेल तर तो शब्द काढून टाकावा. घ्यायचे असेल तर वेगळा प्रश्न करावा आणि त्याला जास्त गुप्तता द्यावी.

शेवटची खोट महाराष्ट्रातल्या कोणत्याही कुटुंबाच्या किंवा वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलेल्या माणसाला पटेल. असा मजकूर पुष्कळदा न मागता समोर येतो. कोणीतरी पाठवतो, फोन आपोआप उतरवून घेतो, आणि गॅलरी उघडली की तो दिसतो. हे ‘पाहणे’ आहे का? एक जण होय म्हणेल, दुसरा नाही, आणि आपण दोघांची उत्तरे एकाच रकान्यात मोजणार.

अर्थाच्या या खोटी शोधण्याचा मार्ग स्वस्त आहे, पण क्वचितच कोणी तो वापरतो. प्रश्नावली छापण्याआधी आठ-दहा जणांसोबत बसावे आणि उत्तर न विचारता अर्थ विचारावा. संवेदनशील विषयात ‘तुम्हाला काय वाटले’ असे थेट विचारण्यापेक्षा ‘हा प्रश्न तुमच्या वर्गातल्या मुलांना दिला तर ते त्यात काय काय धरतील आणि काय सोडतील?’ असे विचारलेले बरे, कारण त्यात समोरच्याला स्वतःविषयी काहीही उघड करावे लागत नाही. या गप्पांतून लोकांचे शब्दही हाती येतात. चाळिशी ओलांडलेल्यांत ‘बीपी’ किंवा ‘ब्लू फिल्म’ कळते, विशीतल्यांना ‘पॉर्न’ सरळ कळते, आणि काही मुली ‘तसले व्हिडिओ’ याखेरीज दुसरा शब्द तोंडाने काढत नाहीत, पण कागदावर ‘पॉर्न’ वाचायला त्यांची हरकत नसते. मद्यपान आणि लैंगिक वर्तन यांविषयी अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्लेअर, सडमन, ब्रॅडबर्न आणि स्टॉकिंग यांना आढळले की थोडा लांब प्रश्न, उत्तर देणाऱ्याच्या ओळखीचे शब्द आणि पर्यायांऐवजी आकडा लिहायला मोकळी जागा, या तिन्हींमुळे लोक अधिक वेळा सांगतात. संवेदनशील प्रश्न आखूड आणि गुळगुळीत असावा हा आपला समज त्यांच्या निष्कर्षाच्या उलट आहे.

शब्द जुने झाल्यानेही आकडा खाली येतो. अमेरिकेच्या ‘जनरल सोशल सर्व्हे’त १९७३ पासून गेल्या वर्षभरात एक्स-रेटेड चित्रपट पाहिला का, असा प्रश्न आहे. तो चित्रपटगृहांच्या काळातला प्रश्न आहे. फोनवर चार मिनिटांची क्लिप पाहणाऱ्याला आपण ‘चित्रपट’ पाहिला असे वाटत नाही. मार्क रेग्नेरस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा निरनिराळ्या सर्वेक्षणांची तुलना केली तेव्हा ‘तुम्ही पॉर्न हेतुपुरस्सर शेवटचे कधी पाहिले?’ या थेट प्रश्नातून १८ ते ३९ वयाच्या ४६ टक्के पुरुषांनी आणि १६ टक्के स्त्रियांनी एका आठवड्याच्या आत पाहिल्याचे निघाले. ‘पाहता का’ असे न विचारता ‘शेवटचे कधी’ असे विचारण्याने दोन गोष्टी साधतात. काळ निश्चित होतो, आणि नकार देण्याचे ओझे उत्तर देणाऱ्यावर जाते. आल्फ्रेड किन्सी १९४०च्या दशकात याच कारणाने ‘केले आहे का’ ऐवजी ‘पहिल्यांदा कधी केले’ असे विचारत असत.

वरच्या सदोष प्रश्नाची दुरुस्ती मी अशी करेन. आधी न मागता आलेल्या मजकुराचा प्रश्न घ्यावा, म्हणजे पुढचा प्रश्न फक्त हेतुपुरस्सर पाहण्याविषयी उरतो आणि ‘माझ्याकडे आपोआप आले’ ही पळवाट आधीच वेगळ्या ठिकाणी मोजली जाते:

> व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा इंस्टाग्रामवर न मागताही काही वेळा पॉर्न व्हिडिओ किंवा फोटो येतात. गेल्या ३० दिवसांत तुमच्याकडे असे काही आले होते का?
>
> आता स्वतःहून पाहण्याविषयी. लैंगिक क्रिया उघडपणे दाखवणारे व्हिडिओ (म्हणजे पॉर्न) तुम्ही स्वतः शोधून किंवा उघडून शेवटचे कधी पाहिले? चित्रपट किंवा वेब सिरीजमधील प्रसंग यात धरू नका.
>
> आज किंवा काल / गेल्या ७ दिवसांत / गेल्या ३० दिवसांत / गेल्या वर्षभरात / वर्षापेक्षा आधी / कधीच नाही / सांगू इच्छित नाही

‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय ठेवला की सगळे तिकडेच पळतील अशी भीती व्यक्त केली जाते. काही जण जातात. पण ज्याला सांगायचे नाही त्याच्यापुढे हा पर्याय नसेल तर तो ‘कधीच नाही’ निवडतो, आणि मग खरे ‘कधीच नाही’ वेगळे काढण्याचा मार्ग उरत नाही. न सांगणाऱ्यांचे प्रमाण दिसते आहे, हे मी खोट्या नकारापेक्षा केव्हाही पत्करेन.

पर्यायांच्या यादीत आणखी एक सापळा आहे. तो पॉर्नपुरता नाही, पण त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा टीव्हीच्या बाबतीतला आहे. नॉर्बर्ट श्वार्त्स व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतील प्रयोगात एका गटाला ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’वर संपणारे पर्याय दिले, तर दुसऱ्या गटाला ‘अडीच तासांपर्यंत’पासून सुरू होणारे. रोज अडीच तासांहून जास्त टीव्ही पाहतो असे पहिल्या गटात १६.२ टक्क्यांनी सांगितले आणि दुसऱ्यात ३७.५ टक्क्यांनी. टीव्ही किती पाहिला हे नेमके कोणाच्याच लक्षात नसते, तेव्हा लोक यादीचा मधला भाग म्हणजे सर्वसाधारण माणसाची सवय असे धरून स्वतःला त्याच्या आसपास बसवतात. इथे कोणी खोटे बोलत नव्हते. म्हणून ‘आठवड्यातून किती वेळा’ या प्रश्नाला ‘१, २, ३, ४ किंवा अधिक’ असे पर्याय दिले तर ‘४’ निवडणाऱ्याला आपण टोकाचे आहोत असे वाटते, आणि ‘१ ते ५, ६ ते १०, ११ ते २०’ असे दिले तर आकडा उलट फुगतो. वारंवारता हवीच असेल तर ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस? ____’ एवढेच विचारावे आणि रकाना मोकळा ठेवावा.

‘आजकाल बरेच जण असे व्हिडिओ पाहतात’ अशी धीर देणारी प्रस्तावना पुष्कळ मार्गदर्शक सुचवतात. ती सर्वत्र परिणाम करतेच असे प्रयोगांतून दिसत नाही, आणि तिची एक किंमतही आहे. ज्या मुलाने खरोखर पाहिलेले नाही त्याला आपण मागासलेले आहोत असे वाटून तो उलट दिशेने खोटे बोलू शकतो. मुलांच्या घोळक्यात फॉर्म भरून घेतला तर हे हमखास होते. समाजमान्य काय हे समोर कोण आहे त्यावर ठरते. प्राध्यापकांपुढे न पाहणे शोभते, मित्रांपुढे पाहणे. त्यामुळे ‘जितका आकडा मोठा तितका तो खरा’ हा नियम मुलींच्या उत्तरांना ढोबळमानाने लागू पडला तरी मुलांच्या उत्तरांना डोळे मिटून लावता येत नाही.

इथून तिसऱ्या कारणाकडे, म्हणजे सांगायचेच नसण्याकडे वळू. शब्द दुरुस्त झाल्यावरही आकडा पडलेलाच राहिला, तर फॉर्म कुठे आणि कसा भरला गेला ते पाहावे. रॉजर टुरँगो आणि टिंग यान यांनी २००७ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यातील सर्वांत भक्कम निष्कर्ष असा, की मुलाखतकार समोर नसताना स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत माणसे संवेदनशील गोष्टी जास्त सांगतात. आपल्याकडे मात्र ‘स्वतः भरणे’ आणि ‘एकांतात भरणे’ यांत फरक पडतो. वर्गात बाकावर तिघे बसून, समोर अंतर्गत गुण देणारे प्राध्यापक उभे असताना भरलेला फॉर्म नावापुरताच स्वतः भरलेला असतो.

ऑनलाइन फॉर्ममध्येही हेच चुकते, आणि ते सहसा लक्षात येत नाही. गूगल फॉर्ममध्ये एकाने दोनदा भरू नये म्हणून ‘Limit to 1 response’ चालू केले, की उत्तर देणाऱ्याला आपल्या खात्यातून लॉगइन करावे लागते आणि फॉर्मच्या माथ्यावर त्याला स्वतःचा ईमेल पत्ता दिसत राहतो. ईमेल गोळा केला जात नाही असे तुम्ही प्रस्तावनेत कितीही लिहा, डोळ्यांसमोर पत्ता दिसत असताना त्यावर कोण विश्वास ठेवणार? ‘Collect email addresses’ बंद आणि एकदाच भरण्याची अटही बंद, असे ठेवावे. चार-दोन दुबार फॉर्म आले तरी ते नुकसान लहान आहे. रोल नंबर, जन्मतारीख आणि तुकडी एकत्र विचारणेही टाळावे. साठ जणांच्या वर्गात या तीन गोष्टींवरून प्रत्येक जण ओळखता येतो, आणि विद्यार्थ्यांना ते तुमच्याआधी कळते.

घरी जाऊन मुलाखती घेणाऱ्यांनी प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी एक नोंद जरूर करावी: या प्रश्नांच्या वेळी ऐकू येईल एवढ्या अंतरावर कोण होते? आई, सासू, लहान भाऊ, शेजारीण, कोणीही नाही. ही नोंद असली तर पुढे ‘कोणीही नव्हते’ आणि ‘कोणीतरी होते’ अशा दोन गटांतील उत्तरांची तुलना करता येते. फोन घरात सामायिक असेल तर लिंक पाठवून मिळालेल्या उत्तरालाही हाच धोका आहे, फक्त तिथे कोण शेजारी होते ते दिसत नाही. अशा घरांसाठी जुनी बंद पाकिटाची पद्धत अजूनही उत्तम आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिलबरोबर २००६-०७ च्या सुमारास महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या युवा सर्वेक्षणात विवाहपूर्व लैंगिक संबंधांविषयी मुलाखतीत तर विचारलेच, शिवाय शेवटी एका चिठ्ठीवर होय-नाहीची खूण करून ती पाकिटात स्वतः बंद करून द्यायला सांगितले. मुलाखत घेणाऱ्याला ती चिठ्ठी दिसत नसे. मर्यादा एवढीच, की पाकिटात एक-दोन प्रश्नच मावतात. तपशील मिळत नाहीत.

एवढे करूनही साशंक असणाऱ्यांसाठी स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या यादृच्छिक उत्तर-पद्धतीचे सोपे रूप आहे. उत्तर देणारा कोणाला न दाखवता फासा टाकतो. १ पडला तर काहीही असो ‘होय’, ६ पडला तर ‘नाही’, आणि २ ते ५ पडले तर खरे उत्तर. त्यामुळे एका माणसाच्या ‘होय’वरून काहीच कळत नाही, पण गटातले खरे ‘होय’चे प्रमाण, म्हणजे खालच्या गणितातला p, काढता येते. समजा ६०० जणांत ४० टक्के ‘होय’ आले (हा आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे):

```
0.40 = 1/6 + (4/6) × p
p    = (0.40 − 0.167) / 0.667 ≈ 0.35
```

म्हणजे अंदाज ३५ टक्के. पण फाशाने आणलेल्या गोंधळामुळे अंदाज चुकण्याचा वाव वाढतो. थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी असेल तर या उदाहरणात जवळपास अडीचपट माणसे लागतील. त्याहून गंभीर अडचण माणसाच्या स्वभावाची आहे. ज्याने कधी पाहिलेच नाही त्याला फाशावर १ पडला म्हणून ‘होय’ लिहिणे जड जाते, आणि तो नियम मोडून ‘नाही’ लिहितो. मग p खाली येतो, कधी शून्याच्याही खाली जातो. शून्याखालचा अंदाज ही नियम पाळले न गेल्याची स्पष्ट खूण आहे. दोनशे जणांच्या प्रबंधासाठी ही पद्धत मी सुचवणार नाही. क्राउन-मार्लो चाचणीचे गुण घेऊन आकडे ‘सुधारण्या’विषयीही माझे मत असेच आहे: त्या चाचणीत जास्त गुण मिळवणाऱ्यांत खरोखर नेमस्त वागणारी माणसेही असतात, आणि सुधारणेच्या नावाखाली त्यांचे खरे ‘नाही’ आपण पुसून टाकतो.

दुरुस्ती लागू पडली का हे पाहण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे प्रश्नावलीचे दोन नमुने करून ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणे. अर्ध्या जणांना जुना प्रश्न, अर्ध्यांना नवा, बाकी सर्व प्रश्न एकसारखे. एका वर्गाला जुना आणि दुसऱ्या वर्गाला नवा असे मात्र करू नये. मग फरक प्रश्नाचा की वर्गाचा हे कळत नाही. पुन्हा गणितासाठी समजा, प्रत्येकी २०० फॉर्ममध्ये जुन्या प्रश्नाला २२ ‘होय’ आले आणि नव्या प्रश्नात गेल्या वर्षभरात पाहिलेले ५८ निघाले. प्रमाण ११ वरून २९ टक्क्यांवर गेले, आणि एवढा फरक योगायोगाने पडणे जवळपास अशक्य आहे. आता हा फरक कुठून आला ते तपासावे. तो मुलींमध्ये जास्त आणि मुलांमध्ये कमी असेल तर लाजेचा वाटा मोठा. दोघांत सारखा असेल तर बहुधा अर्थाचा घोळ सुटला. ‘न मागता आले’ या पहिल्या प्रश्नाला होय म्हणणारे आणि दुसऱ्याला ‘कधीच नाही’ म्हणणारे पुष्कळ असतील, तर जुन्या प्रश्नात तेच दोन्हीकडे विखुरलेले होते असे समजावे.

आधीच्या वर्षांची आकडेवारी त्याच जुन्या प्रश्नाने गोळा केलेली असेल, तर तो एकदम बदलू नये. किमान एका फेरीत दोन्ही प्रश्न अर्ध्या-अर्ध्या नमुन्याला द्यावेत, नाहीतर पुढच्या वर्षी वाढलेला आकडा पॉर्न पाहणे वाढल्याचा म्हणून छापला जाईल. अहवालात टक्केवारीच्या शेजारीच प्रश्न शब्दशः द्यावा आणि तो कागदावर, फोनवर की समोरासमोर विचारला तेही लिहावे. दोन नमुने वापरले असतील तर दोन्ही आकडे द्यावेत आणि त्यांची सरासरी काढू नये.